समोरची एक मीटर माती

माझ्या हातून झालेल्या चुकांची यादी केली तर भिंती त्यात बऱ्याच असतील, पण बहुतेक भिंतींचं काही वाकडं झालं नाही, फक्त माझं झालं. ही भिंत मात्र जवळजवळ चालायलाच लागली होती. कागदावर का होईना.

मी कर्जतला इमारतींच्या सळयांचा आणि पायांचा हिशोब करून देणारा माणूस. ऑफिस म्हणजे वाण्याच्या दुकानावरची एक खोली, त्यात एक टेबल, एक संगणक आणि एक पंखा, जो फिरतो पण वारा देत नाही. कशेळ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी घर बांधलेलं होतं. घर उंचावर, अंगण त्याच्या पुढे आणि अंगण संपलं की तीन मीटर खाली सरळ भाताचं शेत. शेत दुसऱ्याचं. आदल्या पावसाळ्यात अंगणाची कड ढासळली, कपडे धुवायचा दगड त्या शेतात जाऊन पडला आणि बाईंच्या स्वयंपाकघराच्या जोत्यापासून दरड सहा मीटरवर येऊन थांबली. बाई एकट्या राहतात. नोकरी संपल्यावर त्यांनी दुसरं घर केलेलं नाही, करणारही नाहीत. म्हणून यंदा पावसाआधी भिंत उभी राहायला हवी होती, आणि ती उभी राहिल्यावर उभीच राहायला हवी होती.

भिंत साधी, उलट्या टीसारखी. जमिनीखाली आडवा पाया, त्यावर उभी भिंत. पायाचा जो भाग शेताकडे पुढे येतो तो चवडा, जो अंगणाखाली मागे जातो ती टाच. गंमत अशी की अंगणाची माती भिंतीला पुढे ढकलते आणि तीच माती टाचेवर बसून भिंतीला धरूनही ठेवते. टाच जितकी लांब, तितकी जास्त माती तिच्यावर बसते.

अशा भिंतीला तीन खोड्या सुचू शकतात. पहिली, चवड्यावर तोल जाऊन तोंडावर पडायची. दुसरी, न पडता उभ्या उभ्या पुढे घसरायची. आणि तिसरी, चवड्याखालची जमीन दाबून तिथे रुतायची, कारण मातीच्या ढकलीमुळे सगळं ओझं पुढे चवड्याकडे जातं. तिन्ही तपासल्याशिवाय सळईला हात लावायचा नाही. हे मला कॉलेजातल्या सरांनी शिकवलं, आणि मीही नव्या पोरांना मोठ्या तोऱ्यात सांगतो.

पहिल्या भेटीत बाईंनी मला अंगणात उभं करून सांगितलं होतं की बाकी काय हवं ते करा, पण माझ्या सेप्टिक टँकला हात लावायचा नाही. टँक अंगणाच्या कडेला होता. भिंतीच्या मागच्या बाजूपासून टाच एक मीटर तीस सेंटिमीटर मागे गेली की टँकची भिंत लागायची. बाई हे इतक्या ठाम स्वरात म्हणाल्या की मी मान डोलावली. शाळेत गणित शिकवणाऱ्या बायका ठाम बोलल्या की माझी मान आपोआप डोलते. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, त्या खालापूरच्या एका शाळेत होत्या, हे माझं नशीब.

मग हिशोब. भिंत एकूण चार मीटर, पैकी एक मीटर शेताच्या जमिनीखाली. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर अंगणाची ढकल सुमारे चार पूर्णांक नऊ टन. भिंत, पाया आणि टाचेवरची माती मिळून वजन साडेतेरा टनांहून जरा जास्त. भिंतीला धरणारा जोर उलटवणाऱ्या जोराच्या किती पट, तो उलटण्याचा आकडा आला दोन पूर्णांक सात. दोन असला तरी चालतो, म्हणजे पहिली खोडी बंद. चवड्याखालचा दाब चौरस मीटरला पावणेअकरा टन, आणि जमीन पंधरा टन सहज झेलेल असं मी धरलेलं. तिसरीही बंद. उरली घसरण. तळाशी मुरमाशी जे घर्षण होतं त्याने भिंत अडते. माझ्या हिशोबात ते वजनाच्या पंचेचाळीस टक्के. अडवणूक भागिले ढकल, उत्तर आलं एक पूर्णांक पंचवीस. पाहिजे दीड.

इथे प्रामाणिक माणूस बाईंना फोन करतो आणि म्हणतो, टँक हलवावा लागेल. मी चहा मागवला.

चहा पिता पिता माझ्या लक्षात आलं की संगणकातल्या माझ्या तक्त्यात एक रकाना रिकामा होता. त्याचं नाव 'समोरची माती'. चवड्याच्या पुढे शेताची एक मीटर जाड जमीन होतीच की. भिंत पुढे घसरली तर ती माती तिला छातीने अडवणार. मी त्या रकान्यात एक हा आकडा टाकला. उत्तर झालं एक पूर्णांक एक्क्याऐंशी. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं की समोरच्या मातीचा आधार धरू नका, ती उद्या कोणी खणेल, वाहून जाईल. पण पुस्तकाला बाईंसमोर उभं राहायचं नव्हतं, मला राहायचं होतं. मी नकाशावर सही केली आणि उरलेला चहा अगदी चवीने प्यालो.

मे महिन्यात ठेकेदाराने पाया खणला. ठेकेदार खालापूरचा, भला माणूस, फक्त घाईचा. पुढच्या पावसाळ्याची घाई त्याला मागच्या दिवाळीपासून असते. सळई बांधून झाली, खडी-वाळू आली, आणि परवा काँक्रीट टाकायचं ठरलं. मी पाहणीला गेलो. बाई सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या. खालच्या शेताचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, बांधावर उकिडवे बसून गंमत बघत होते. त्यांना सगळा गाव काका म्हणतो, म्हणून मीही.

मला मोठेपणाचा झटका आला. मी पहार घेतली, शेतात उतरलो आणि चवड्यापुढच्या जमिनीवर सगळ्या ताकदीने मारली. पहार टणकन उडाली आणि माझे दात वाजले. जमीन मेमधली, भेगाळलेली, भाजलेल्या विटेसारखी. मी बाईंना वर बघून म्हटलं, बघा, ही जमीन तुमच्या भिंतीला हलू द्यायची नाही.

काका गालात हसले. त्यांनी विडी विझवली आणि कानामागे ठेवली.

"सायेब," ते म्हणाले, "आता हाय ती जमीन नाय. लावणीला या. तुमी उभं हाव तिथं मी गुडघ्यापत्तूर जातंय."

ठेकेदार हसला, बाई हसल्या, म्हणून मीही हसलो. माझं हसणं सगळ्यांच्या शेवटी थांबलं, कारण थांबवल्यावर तोंडाचं काय करायचं ते कळेना. भाताचं शेत. लावणीआधी त्यात पाणी अडवतात आणि नांगर फिरवून त्याचा मुद्दाम चिखल करतात. चिखल झाला तरच रोप लागतं. मी कर्जतचा. लहानपणापासून दरसाल ही चिखलणी बघतो. आणि त्याच चिखलाला मी माझ्या तक्त्यात भिंत अडवायच्या कामाला लावला होता.

कशेळ्यावरून मोटारसायकलने परत येताना मला एकही खड्डा आठवत नाही, म्हणजे मी सगळ्या खड्ड्यांतून गेलो असणार. घरी जेवायला बसलो आणि दोन घासांवर उठलो. बायकोने विचारलं काय झालं, मी म्हटलं उकडतंय. ऑफिसात आलो तर वीज गेलेली. ते एक बरं झालं, कारण तक्त्यात रकाने असतात आणि रकाने भरायचा मोह होतो. कागद घेतला. समोरची माती शून्य. म्हणजे पुन्हा एक पूर्णांक पंचवीस, जे मला आधीच माहीत होतं. पण पेन थांबेना. शेत महिना-दोन महिने पाण्याखाली राहणार, तर पाणी पायाखालीही जाणार. ओल्या मातकट मुरमाचं घर्षण पंचेचाळीस टक्के कुठून राहील? पस्तीस धरलं. साडेतेरा टनांच्या पस्तीस टक्के. भागिले चार पूर्णांक नऊ.

शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.

एकाच्या खाली. मी तो भागाकार चार वेळा केला. चारही वेळा भिंत शेतात चालत गेली. आणि चवड्याखाली जिथे पावणेअकरा टन दाब येणार, तिथलीच जमीन आधी मऊ होणार होती. मी उभा राहिलो, बसलो, खिडकी उघडली, बंद केली. खालून वाण्याने वर बघून विचारलं, काय हवंय का. काही नको होतं. परवा काँक्रीट होतं.

आता इथे तरी माणसाने सरळ वागावं. पण मला एक युक्ती सुचली, आणि मला सुचलेल्या युक्त्यांनीच माझं आयुष्य इतकं रंगतदार केलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे न जाता थेट काकांच्या अंगणात गेलो. गूळ घातलेला कोरा चहा आला. मी गोड बोलून मुद्दा काढला. भिंतीच्या कडेची दोन मीटर पट्टी तेवढी नांगरू नका, तिथे लावणी करू नका, बाई तुमचं होणारं नुकसान भरून देतील. हे बाईंना मी अजून विचारलेलंच नव्हतं, ही बारीकशी गोष्ट सोडा.

काकांनी चहा फुंकून एक घोट घेतला. मग त्यांनी अगदी सहज विचारलं.

"मी सोडीन रं पट्टी. पाणी सोडील काय?"

मला सायेबवरून रं वर यायला एक दिवस लागला होता. योग्यच होतं.

ते उठले आणि मला शेतात घेऊन गेले. काँक्रीट टाकल्यावर ते भिजवायला ठेकेदाराने पाण्याचा टँकर आणून ठेवला होता. काकांनी आणि मी चवड्याच्या ओळीला कंबरभर खड्डा खणला, वरचा थर फोडायला मलाच लावला, आणि त्यात पाणी भरलं. जिरलं की पुन्हा भरायचं. दुपारपर्यंत आम्ही करंजाच्या सावलीत बसून ते बघत होतो. काका म्हणाले की डोंगराचं पाणी आतून झिरपत याच कडेला येतं, दिवाळीपत्तूर हटत नाय. म्हणूनच इथलं भात जोरदार येतं. माझ्या दृष्टीने जगातली सगळ्यात वाईट बातमी ते अभिमानाने सांगत होते.

दोन वाजता मी पहार खड्ड्यात सोडली. मारली नाही, फक्त सोडली. ती स्वतःच्या वजनाने वीतभर आत गेली आणि मग आणखी थोडी. त्याखाली मात्र, पायाच्या पातळीच्या फूटभर खाली, ती खडखडीत मुरमावर अडली. ते मी लक्षात ठेवलं.

ठेकेदार वरून बघत होता. खड्ड्यात पहार, चिखलात इंजिनिअर. त्याने ओळखलं. "साहेब, उद्याचं काँक्रीट आहे ना?" मी म्हटलं, नाही. माझ्या आईवडिलांबद्दल त्याला जे म्हणायचं होतं ते त्याने मोबाइल काढून गँगच्या मुकादमाला दुसऱ्या शब्दांत सांगितलं.

मग बाई. त्या व्हरांड्यात आंबे कापत होत्या. मी म्हटलं, हिशोबात एक सुधारणा आहे. बाई म्हणाल्या, दाखवा. मी तोंडी सुरुवात केली, त्यांनी हात वर केला आणि जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून माझ्यापुढे ठेवलं. लिहून. पायऱ्या गाळायच्या नाहीत.

पंचेचाळिसाव्या वर्षी मी पायऱ्या लिहिल्या. ढकल इतकी. वजन इतकं. घर्षण इतकं. बाई उलट्या बाजूने वाचत होत्या आणि मधे मधे आंब्याची कोय चोखत होत्या.

"घसरायचा आकडा किती पाहिजे?"

"दीड."

"आलाय किती?"

मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"एकाच्या खाली. म्हणजे भिंत घसरणार."

मी म्हटलं की हे वाईटात वाईट धरून आहे, प्रत्यक्षात कदाचित. त्यांनी ते कदाचित पुरं होऊ दिलं नाही. त्यांना एक वेगळंच हवं होतं. महिन्यापूर्वी मी दाखवलेल्या कागदावर एक पूर्णांक एक्क्याऐंशी होतं, ते कुठून आलं? मला वाटलं होतं त्यांनी तो कागद बघितला नसेल. त्यांनी तो फाइलमध्ये लावून ठेवला होता. मी सांगितलं. समोरची माती धरली होती. समोरची म्हणजे काकांची.

बाईंनी सुरी ताटात ठेवली.

"म्हणजे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलंस."

तुम्हीवरून तूवर. काकांना एक दिवस लागला होता, बाईंना पाच मिनिटं.

"आणि का, ते सांग," त्या म्हणाल्या. "चूक करणारी मुलं मी हजारो बघितली. उत्तर आधी ठरवून उदाहरण उलटं मागे जुळवत नेणारी फार थोडी."

मी सांगितलं की टँकला हात लावायचा नाही असं तुम्ही म्हणाला होता. त्यांनी मान हलवली. त्यांना राग आला होता, पण तो माझ्यावर किती आणि त्या वाक्यावर किती, ते मला कळलं नाही. त्या म्हणाल्या की मी टँकचं म्हटलं होतं, घराचं नाही म्हटलं. तू विचारलं असतंस तर मी भांडले असते आणि मग ऐकलं असतं. या घरात झोपायचं मला आहे.

मी तिथेच, त्याच पानावर, उरलेलं गणित केलं. टाच एक मीटर तीसऐवजी दोन मीटर चाळीस. जास्त माती टाचेवर बसणार, वजन बावीस टनांवर जातं. पस्तीस टक्के घर्षणानेही आकडा येतो एक पूर्णांक सत्तावन्न. तोल मागे सरकतो, चवड्याखालचा दाब पावणेअकरावरून पावणेआठ टनांवर उतरतो. बाईंनी टिक केली. मग मीच, कुणी न विचारता, आणखी एक पायरी लिहिली. शेत तुडुंब भरल्यावर पाणी पायाला खालून वर उचलतं. वजनातले तीन टनांहून जास्त गेले. आकडा पुन्हा एक पूर्णांक तेहतीस.

"पुन्हा नापास," बाई म्हणाल्या, पण आता त्यांचा आवाज वेगळा होता. त्यांना पुढची पायरी काय हे बघायचं होतं.

पुढची पायरी पहारीने दाखवलेला मुरूम. पायाच्या खाली अर्धा मीटर काँक्रीटचा दात काढायचा, चिखलाच्या पार खाली, त्या खडखडीत थरात रुतवायचा. तिथे काकांचा नांगर पोचत नाही आणि चिखलही होत नाही. समोरच्या मातीची मदत घ्यायचीच तर तिथली घ्यायची. दाताच्या खोलीमुळे ढकलही थोडी वाढते, तीही धरली. आकडा दीडच्या वर गेला, फार नाही, पण गेला. बाईंनी पानाच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि माझी सही घेतली.

टँक हलला. घराच्या दुसऱ्या बाजूला नवा झाला. तो होईपर्यंत बाई दहा-बारा दिवस काकांच्या घरी जायच्या, सकाळी हातात बादली घेऊन, बांधावरून, आणि वाटेत माझी गाठ पडली तर बादली जरा जास्तच हलवायच्या. टाचेसाठी अंगण आणखी मागे खणायचं होतं. ते एकदम नाही, तीन तीन मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक, नाहीतर भिंतीआधी घरच खाली आलं असतं. बांधलेली सळई सोडून पुन्हा बांधली. लांब टाचेला वरच्या अंगाला जास्त सळई लागते, कारण मातीचं ओझं तिला खाली वाकवतं. ठेकेदाराच्या गँगने टाचेतली सळई खालच्या अंगाला बांधली होती, ती मी सोडवून घेतली. ठेकेदार म्हणाला, आता तुम्ही बरोबर असाल कशावरून? प्रश्न अगदी योग्य होता. मी त्याला कॅलेंडरचं पान दाखवलं. बाईंची टिक बघून तो गप्प झाला, माझ्या सहीवर तो कधी इतका गप्प झाला नव्हता.

भिंतीच्या मागे खडी भरली, पाणी बाहेर काढायला पाइप ठेवले, आणि भराव अंगणाला टेकला तेव्हा जून लागला होता.

माझं काम तिथे संपायला हवं होतं. ते संपलं नाही. जुलैत एका दुपारी बाईंचा फोन आला. त्यांनी भिंतीच्या माथ्यावरून शेताकडे ओळंबा सोडला होता, रोज सकाळी खाली दोरा आणि भिंत यातलं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहीत होत्या, आणि आज सांगत होत्या की माथा सहा मिलिमीटर पुढे आला आहे.

मी त्यांना सांगितलं की हे अपेक्षित आहे. मातीची पूर्ण ढकल येताना भिंत केसभर पुढे झुकतेच, चार मीटरच्या भिंतीला इतकं झुकणं मी धरलेलंच आहे, आणि आता ती थांबेल. सगळं खरं होतं. मी फोन ठेवला, रेनकोट शोधला आणि मोटारसायकल काढली.

शेतात चिखलणी चालू होती. पाणी भिंतीला टेकलेलं. काका पॉवर टिलरमागे भिंतीला चिकटून चालले होते, गुडघ्यापर्यंत आत, जिथे माझी पहार उडाली होती नेमके तिथे. त्यांनी मला बघून हात केला आणि पाय वर काढला, तेव्हा चिखलाने सोडताना असा आवाज केला की मी आधी भिंतीच्या तळाकडे बघितलं. पाइपांतून पाणी वाहत होतं, स्वच्छ, माती न आणता. तळाशी, चवड्याच्या ओळीला, मी पावसाळी बूट चिखलात घालून पाय फिरवला. पाया जागेवर होता. भिंतीच्या टोकाशी, बांधावर, बाई पट्टी घेऊन दोऱ्याशी वाकल्या होत्या.

"सहा," त्या म्हणाल्या.

मी बांधावर गेलो, पट्टी त्यांच्या हातून घेतली आणि स्वतः मोजलं. सहा. मग पलीकडच्या टोकाला दुसरा ओळंबा सोडला. तिथे पाच. बाईंनी वहीत दुसरा रकाना आखला. त्या रात्री जोरात पाऊस लागला. सकाळी सव्वासहाला माझा फोन वाजला, मी दात घासता घासता उचलला, आणि बाईंनी नमस्कार न करता दोन आकडे सांगितले. सहा आणि पाच. लावणी उरकून भात पोटरीला येऊन लोंब्या डोकावेपर्यंत त्या रोज सांगत होत्या, आणि एकाही सकाळी तो आकडा ऐकण्याआधी मी चहाला हात लावला नाही.